अण्णांचं बीपी आणि हरवलेला आठवडा

*ताई, नमस्कार. आम्ही उदगीर तालुक्यातले. अण्णा ६४ वर्षांचे, बीपीची गोळी दोन वर्षांपासून चालू. दिवाळीत भावानं मशीन आणून दिली. मी रोज सकाळ-संध्याकाळ मोजून आकडा मोबाईलमधल्या एआय चॅटवर टाकत गेले, म्हटलं तिथं जपून राहील. डॉक्टरांकडं जायच्या आदल्या रात्री मागचा आठवडा काढायला गेले, तर आधी काहीच मिळेना. परत खटपट केल्यावर सात दिवसांचा तक्ता आला, पण गुरुवारी संध्याकाळी अण्णांचं वरचं १५८ आलेलं मला पक्कं आठवतं, आणि तक्त्यात १३६. डॉक्टर म्हणाले, आठवडाभराचे खरे आकडे घेऊन परत या. आता वही घालू का दुसरं अ‍ॅप घेऊ? वहीत काय-काय लिहू? अण्णा तर म्हणतात, रोज वेगळा आकडा दाखवणारी मशीनच खोटी.*
*– एक लेक*

तो तक्ता डॉक्टरांना दाखवू नका, आणि त्यातला एकही आकडा वहीत उतरवू नका. १५८ तुम्ही डोळ्यांनी पाहिलाय. १३६ कुणी मोजलेलाच नाही.

असं का झालं ते आधी सांगते, म्हणजे पुढं काय कशावर सोपवायचं हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. चॅटच्या या साधनात एक संभाषण संपवून दुसरं सुरू केलं की पाटी कोरी होते. तुम्ही सांगितलेलं त्या-त्या संभाषणापुरतंच त्याच्यासमोर असतं. एकच संभाषण महिनाभर लांबवत नेलं तरी फार मागचा मजकूर त्याच्या नजरेच्या टप्प्यातून सुटत जातो. काही अ‍ॅपमध्ये आठवण ठेवायची सोय असते, पण तिच्यात ‘वडिलांना बीपी आहे, गोळी चालू आहे’ अशी ढोबळ टिपणं राहतात. मंगळवारी सकाळी सात वाजताचा १४९ तिथं राहीलच असं नाही. आणि तक्ता मागितला की समोर आकडे नसतानाही रकाने भरले जाऊ शकतात, कारण अशा तक्त्यात साधारण काय असतं ते त्याला ठाऊक असतं. तसा भरलेला तक्ता ओळखायची एक खूण आहे. त्यातले आकडे फार गुळगुळीत असतात, १३४, १३६, १३५, १३७ असे. खऱ्या माणसाचं बीपी आठवडाभर इतकं शहाण्यासारखं वागत नाही. अर्थात आकडे खडबडीत दिसले म्हणजे तक्ता खरा, असंही समजू नका.

तुमचा गेलेला आठवडा बहुतेक पूर्ण गेलेला नाही. दोन ठिकाणी शोधा. पहिलं, त्याच अ‍ॅपमधली जुन्या संभाषणांची यादी. तुम्ही रोज नवीन संभाषण उघडत असाल, तर ती सगळी तिथं पडून असतील. एकेक उघडा आणि फक्त तुम्ही स्वतः टाईप केलेले आकडे घ्या. त्याखाली आलेलं उत्तर, सरासरी, तक्ता काही घेऊ नका.

दुसरी जागा म्हणजे मशीन. दंडाला पट्टा बांधायच्या बहुतेक डिजिटल मशीनमध्ये आधीचे आकडे साठवलेले असतात. आठवणीचं बटण एकेकदा दाबत गेलं की ते मागं-मागं जात दिसतात. काही मशीनवर सगळ्यात आधी शेवटच्या तीन मोजण्यांची सरासरी येते, ती सोडून द्या. तारीख-वेळ बरोबर दिसतेय का ते बघा, कारण सेल बदलल्यावर घड्याळ पुष्कळदा मूळपदावर जातं आणि साठलेल्या आकड्यांची तारीख भलतीच दिसते. अजून एक विचारून घ्या. मधल्या काळात आईनं, शेजारच्या काकूंनी, भावानं गंमत म्हणून त्याच मशीनवर मोजलं होतं का? आपल्याकडं घरात मशीन आली की अख्खी गल्ली दंड पुढं करते. मशीनला माणूस कळत नाही, ती सगळे आकडे एकाच रांगेत ठेवते. ज्या आकड्याचा माणूस आणि वेळ तुम्ही खात्रीनं सांगू शकता, तोच वहीत घ्या, आणि त्याच्यापुढं ‘मशीनमधून काढला’ असं लिहा. जो मिळाला नाही त्याची जागा रिकामी सोडा. रिकाम्या जागेनं डॉक्टरांचं काही अडत नाही, अंदाजानं भरलेल्या जागेनं मात्र गोळीचा डोस बदलू शकतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न. वहीच घाला. दुसरं अ‍ॅप वाईट असतं म्हणून नव्हे. आकडे साठवण्यासाठीच बनवलेली अ‍ॅप असतात आणि त्यातली काही चांगली असतात. पण तुम्ही दोन दिवस माहेरी-सासरी गेलात तर मोबाईल तुमच्याबरोबर जाणार आणि मशीन अण्णांजवळ राहणार. वही मशीनच्या डब्यात राहते, पेन तिला दोऱ्यानं बांधलेलं असतं, आणि जो मोजतो तो लिहितो. दर रविवारी पानाचा फोटो काढून भावाला पाठवून ठेवा, म्हणजे वही भिजली तरी आकडे राहतील.

दोनशे पानी लांबट वही घ्या. आडव्या रेघेवर एका वेळचं मोजमाप बसवायचं: तारीख, घड्याळातली वेळ, पहिला आकडा, दुसरा आकडा, नाडी, गोळी आणि शेवटी शेरा. शेऱ्याला सगळ्यात रुंद रकाना द्या. एक ओळ अशी दिसेल: ‘मंगळवार, सकाळी ६:५०, १४९/९०, १४३/८८, नाडी ७६, गोळी अजून नाही, रात्री झोप कमी.’ पहिला आणि दुसरा आकडा दोन्ही लिहायचे. त्यातला बरा दिसतो तो निवडायचा नाही. आणि १४३ ला १४० लिहायचं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण शून्यावर आणून लिहायची सवय शिकल्या-सवरल्या माणसांनाही असते. वहीत सगळीकडं १४०/९० आणि १३०/८० दिसू लागलं, की पाहणारा डॉक्टर ओळखतो की हे वाचून लिहिलेलं नाही.

शेऱ्यात काय लिहायचं हे सांगायला मला जास्त वेळ लागेल, कारण डॉक्टरांच्या उपयोगाचं निम्मं तिथंच असतं. अण्णा तंबाखू खात असतील तर मळून खाल्ल्याला किती वेळ झाला. चहा कधी घेतला. शेतातून चालत आल्या-आल्या मोजलं का. आणि गुडघेदुखीची गोळी. हिच्याकडं नीट लक्ष द्या. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या दुखीच्या कितीतरी गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि बीपी चढवतात, वर बीपीच्या काही गोळ्यांचा असरही कमी करतात. सर्दीच्या, नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्यांनीही बीपी वाढतं. घरातला माणूस हे डॉक्टरांना सांगत नाही, कारण ‘ती कुठं बीपीची गोळी आहे’ असं त्याला वाटतं. तुम्ही पाकिटावरचं नाव शेऱ्यात उतरवा. आणि बीपीची गोळी चुकली तर ‘चुकली’ असंच लिहा. अण्णांना ओशाळं वाटेल म्हणून तो रकाना झाकू नका. चुकलेल्या गोळीची नोंद नसेल तर डॉक्टरांना वाटेल, गोळी घेऊनही बीपी वर आहे, आणि ते डोस वाढवतील. मग ज्या दिवशी अण्णा तो वाढलेला डोस नियमानं घेतील त्या दिवशी बीपी गरजेपेक्षा खाली जाऊ शकतं.

रोज वेगळा आकडा येतो म्हणून मशीन खोटी, हे अण्णांचं म्हणणं आपण तपासू. बीपी दिवसभर हलतच असतं; तेवढ्यानं मशीन खोटी ठरत नाही. पण मोजायची रीत रोज बदलत असेल तर त्या हालचालीत आपली चूक मिसळते, आणि ती मात्र थांबवता येते. मोजायच्या आधी अर्धा तास चहा, तंबाखू, बिडी, कष्टाचं काम नको. लघवीला जाऊन यायचं, भरलेल्या लघवीनंही आकडा चढतो. मग पाठ टेकेल अशा खुर्चीवर पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर टेकलेले, मांडी नको, पायावर पाय नको. बाजेवर पाय लोंबकळत ठेवूनही नको. दंड टेबलावर किंवा उशीवर असा ठेवायचा की पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीला येईल. हात मांडीवर खाली सोडला तर आकडा नाहक जास्त येतो. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा. सदऱ्याची बाही वर सरकवून दंडाला करकचून बसत असेल तर बाहीतून हात काढूनच घ्या. मोजताना बोलायचं नाही, आणि तुम्हीही त्यांना काही विचारायचं नाही. एक मोजून झालं की एक मिनिट थांबून दुसरं.

पट्ट्याचं माप एकदाच बघून घ्या. शिवणकामाच्या टेपनं अण्णांच्या दंडाचा मधला घेर मोजा. मशीनबरोबर येणाऱ्या पट्ट्यावर किती सेंटिमीटरच्या दंडासाठी आहे ते छापलेलं असतं, साधारण २२ ते ३२ असतं. दंड त्यापेक्षा जाड असेल तर छोटा पट्टा आकडा खोटाच वर दाखवतो, आणि मग मोठा पट्टा मागवावा लागतो. आणि पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजा. एकावर सारखं जास्त येत असेल तर पुढं रोज त्याच दंडावर मोजायचं. दोन्हींत दहाहून जास्त फरक पुन्हा-पुन्हा दिसला तर तेही डॉक्टरांना सांगा.

वेळ दोनच. सकाळी उठल्यावर तासाभरात, गोळी आणि न्याहारीच्या आधी. संध्याकाळी जेवणाच्या आधी. दोन्ही वेळी दोन-दोनदा, असं सात दिवस. म्हणजे आठवड्याला २८ आकडे. त्यातला पहिला दिवस हिशेबात धरायचा नाही, कारण पहिल्या दिवशी माणूस मशीनला बिचकलेला असतो आणि आकडा बहुधा जास्त येतो. उरले २४. डॉक्टरांना हवी ती या २४ ची सरासरी. मधूनच धाकधूक वाटली म्हणून दिवसातून आठ वेळा मोजू नका. घाबरून मोजलेला आकडा वर येतो, तो बघून माणूस अजून घाबरतो.

तुमचा तो १५८ धरूनच एक नमुना आठवडा मांडून दाखवते. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, तुमच्या वहीत वेगळे येतील. सोमवार सोडला. मंगळवार ते रविवार सकाळचे वरचे आकडे असे: १४९ आणि १४३, १४६ आणि १४१, १५३ आणि १४७, १४४ आणि १४२, १५१ आणि १४५, १४७ आणि १४०. बेरीज १७४८, भागिले १२, सरासरी १४६. संध्याकाळचे: १३४ आणि १३१, १२९ आणि १२८, मग गुरुवारी १५८ आणि १५१, नंतर १३२ आणि १२७, १३३ आणि १३०, १३० आणि १२६. बेरीज १६०९, सरासरी १३४. दोन्ही बेरजा मिळून ३३५७, भागिले २४, म्हणजे १४०. खालच्या आकड्याची बेरीज अशीच वेगळी करायची.

गुरुवारच्या शेऱ्यात लिहिलंय, ‘बाजारातून चालत आले, लगेच चहा, लगेच मोजलं.’ मग तो आकडा खोडायचा का? नाही. खोडून बघितलं तर आठवड्याची सरासरी १४० वरून १३९ वर येते, एवढंच. आठवडाभर मोजायचं ते याचसाठी. एक वेडावाकडा आकडा २४ जणांत विरून जातो, त्याला घाबरायला नको आणि लपवायलाही नको. शेरा मात्र राहू द्या.

या वहीतून डॉक्टरांना जे दिसेल ते मात्र त्या गुळगुळीत तक्त्यात कधी दिसलं नसतं. सकाळचं १४६ आणि संध्याकाळचं १३४. घरी मोजलेल्या बीपीत सरासरी १३५/८५ च्या खाली असावी हा नेहमीचा ठोकताळा आहे. दवाखान्यात मोजल्यावर हीच रेघ १४०/९० ची धरतात, कारण दवाखान्यात बीपी थोडं चढतं. अण्णांसाठी नेमकी रेघ कोणती हे वय, साखर, किडनी बघून डॉक्टर ठरवतील. पण संध्याकाळ रेघेच्या आत आणि सकाळ बरीच वर, हे दिसल्यावर ते वेगळे प्रश्न विचारतील. गोळी किती वाजता घेता? तिचा असर पहाटेपर्यंत पुरतो का? रात्री घोरता का, झोपेत श्वास अडकतो का? गोळी वाढवायची, बदलायची, का फक्त वेळ हलवायची, हे त्यावरून ठरेल. दोन्ही वेळा एकाच रकान्यात कोंबल्या असत्या तर १४० एवढंच उरलं असतं.

बेरजा करायला त्या चॅटची मदत घ्यायची असेल तर माझी ना नाही. पण आठवडा संपल्यावर, वहीतले २४ च्या २४ आकडे एकाच वेळी टाकून, तेवढ्याच संभाषणात. आणि आलेली सरासरी मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर एकदा ताडून घ्या, कारण हिशेबातही ही साधनं घसरतात. तुम्ही वहीतून दिलेले आकडे आणि त्यानं वापरलेले आकडे तेच आहेत ना, हेही ओळीनं बघा. पुढच्या आठवड्यात त्याला मागचं ठाऊक आहे असं धरून चालू नका. तुलना हवी असेल तर दोन्ही आठवडे वहीतून पुन्हा द्या.

आता एक रकाना असा, जो होळीनंतर वाढवायचा आहे. आपल्या मराठवाड्यात एप्रिल-मे म्हणजे पारा चाळिशीच्या वर. उन्हात अंगातल्या रक्तवाहिन्या सैल होतात, घामावाटे पाणी आणि मीठ जातं, आणि बीपी आपोआप उतरतं. थंडीत बसवलेला डोस मे महिन्यात जड होऊ शकतो, खास करून गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर. अण्णा दुपारी उठून उभे राहिले आणि अंधारी आली, तोल गेला, असं झालं तर ती ‘उन्हाची भोवळ’ म्हणून सोडू नका. त्या दिवसांत आठवड्यातून दोन-तीनदा असं मोजा: पाच मिनिटं बसून एकदा, मग उभं करून एका मिनिटाला आणि तीन मिनिटांना. जवळ कुणीतरी उभं राहा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं घसरला तर वहीत लिहा आणि तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. गोळी मनानं बंद करायची नाही, अर्धीही करायची नाही. मागचे तीन-चार महिने वहीत असतील तर डॉक्टरांना उतार सरळ दिसेल: माघात १४०, चैत्रात १२८, वैशाखात ११२. त्यावरून ते डोस कमी करतील, आणि पावसाळ्यानंतर लागला तर परत वाढवतील. एकट्या मे महिन्यातल्या आकड्यावरून त्यांना हे ठरवणं फार अवघड जातं.

वहीच्या पहिल्या पानावर, आतल्या बाजूला, एवढं मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. वरचा १८० किंवा खालचा १२० च्या पुढं गेला तर पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजायचं. तरी तेवढाच असेल आणि छातीत दुखणं, धाप, एका बाजूचा हात-पाय गळणं, बोबडं बोलणं, तोंड वाकडं होणं, एकाएकी दिसायला कमी होणं यातलं काही असेल, तर १०८ ला फोन. त्या वेळी वहीत लिहीत बसू नका. त्रास काहीच नसेल तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आणि उलट, ही लक्षणं असतील आणि मशीन १४० दाखवत असेल, तरीही १०८ च. मशीन बघून थांबायचं नाही.

मशीनवर नाडी अनियमित असल्याची खूण, म्हणजे हृदयाचं किंवा लाटेचं छोटं चित्र, कधी-कधी उमटतं. एखादवेळी हात हलल्यानंही येतं. पण वारंवार आलं तर शेऱ्यात ‘खूण आली’ लिहा आणि दाखवा. नाडी खरंच अनियमित असेल तर अशा मशीनचे आकडे एकमेकांपासून लांब पडतात, म्हणून त्या माणसाचं दोनऐवजी तीनदा मोजतात. अण्णांचा ‘रोज वेगळा आकडा’ त्यातलाही असू शकतो, आणि तसं असेल तर ईसीजी करून बघायला हवा.

पुढच्या सोमवारपासून मोजायला घ्या, त्या सोमवारसकट सात दिवस. रविवारी संध्याकाळची शेवटची ओळ लिहून बेरजा करा: सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी, मग एकत्र. त्यानंतर दवाखान्यात जाताना वही, मशीन पट्ट्यासकट, आणि अण्णा घेतात त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, गुडघ्याच्या गोळीचंसुद्धा, बरोबर न्या. मशीनबद्दल अण्णांची शंका तिथंच मिटवा. डॉक्टरांना किंवा सिस्टरना सांगा की दवाखान्याच्या यंत्रावर आणि तुमच्या मशीनवर, त्याच दंडावर, मिनिटा-मिनिटाच्या अंतरानं आलटून-पालटून मोजून द्या. वरच्या आकड्यात पाचपर्यंत फरक असेल तर मशीन चांगली आहे. दहाहून जास्त फरक सारखा येत असेल तर आधी पट्ट्याचं माप बघा, आणि तेही बरोबर असेल तर अण्णांचं खरं, मशीन बदला.